बाटलीतले जिवाणू जिवंत आहेत की मेलेले, हे मायक्रोस्कोपखाली कसं ओळखायचं?

केळीचं_खोड (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. रावेरकडे माझी केळी आहे. तीन वर्षांपासून जीवामृत सोडतो, शिवाय स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बाटली दुकानातून आणतो. बाटलीवर जिवाणूंची संख्या छापलेली असते, पण मे महिन्यात ती बाटली पत्र्याच्या दुकानात कशी भाजत असेल ते आपल्याला माहीत आहे. म्हणून मनात आलं, आत कुणी जिवंत आहे का ते एकदा बघावं.

एका लॅबमध्ये दोन्ही नमुने दिले. त्यांनी ग्रॅम स्टेन करून दाखवलं. दोन्हीकडे जांभळ्या काड्याच काड्या. मी विचारलं, "हे जिवंत आहेत ना?" तो पोरगा म्हणाला, "काका, आता तर मेलेलेच." म्हटलं, आणि रंग देण्याआधी? त्याला सांगता आलं नाही.

मग मी मोडीत निघालेला एक कॉलेजचा मायक्रोस्कोप घेतला. १०, ४० आणि १०० च्या भिंगांचा आहे, आरसा काढून कुणीतरी एलईडी बसवलाय. रंग न लावता थेंब ठेवला तर पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसत नाही. रंग लावला तर दिसतात, पण मेलेले. मग जिवंत बघायचे कसे?

शेवभाजी (९.२२)

भाऊ, भाजीत तर्री टाकल्याशिवाय शेव दिसत नाही आणि तर्री टाकली की शेव मरते. तोच प्रॉब्लेम शे हा.

कपाशी_बोदवड (९.३१)

केळीवर करपा आहे का? जीवामृत फवारल्याने आमच्याकडे फरक पडला नाही. कुठलं बुरशीनाशक मारलं ते सांगा.

केळीचं_खोड (९.३५)

नाही हो भाऊ, करपा नाही. जिवाणू बघायचेत.

तापीतीर (९.५०)

सगळे रंग मारतात असं नाही. आम्ही बीएस्सीला मिथिलीन ब्लू टाकून यीस्ट बघायचो, ते जिवंतच असायचे. मिथिलीन ब्लू वापरा, काम झालं. लॅबवाल्याने चुकीचा रंग लावला.

मास्तर_जळगाव (१०.४०)

मी निवृत्त आहे, आयुष्यभर मायक्रोबायॉलॉजी शिकवली. तापीतीर यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येतो.

आधी त्या लॅबमध्ये तुमच्या जिवाणूंचं काय झालं ते बघा. थेंब काचेवर पसरून वाळवला. जिवाणूच्या वजनात बहुतांश पाणीच असतं, ते गेलं. मग काच ज्योतीवरून तीनदा फिरवली. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो तशी आतली प्रथिनं गोठली आणि जिवाणू काचेला चिकटले. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलची धुलाई, शेवटी सॅफ्रानिन. खरं तर रंगाची बाटली उघडण्याआधीच ते मेलेले होते.

आणि हे मुद्दाम करावं लागतं. जिवंत पेशीचं पटल निवडक असतं, बरेचसे रंग ते आत येऊच देत नाही. आत गेलेला रंग काही पेशी परत बाहेरही फेकतात. तेव्हा ठळक रंग हवा तर दार मोडावं लागतं, आणि दार मोडलं की पेशी संपली. शिवाय आपले नेहमीचे रंग धन प्रभाराचे असतात आणि पेशीतली न्यूक्लिक आम्लं ऋण प्रभाराची. रंग नेमका तिथे जाऊन बसतो. ज्या डीएनए-आरएनएवर पेशीचा कारभार चालतो तिथेच रंग ठाण मांडून बसला, तर कारभार चालेल कसा? म्हणजे वाळवलं नाही, भाजलं नाही, नुसता रंग घातला, तरी तो पुरेसा दाट असेल तर पेशी मरतेच.

आता यीस्ट. मिथिलीन ब्लू अगदी पातळ घातला तर जिवंत यीस्ट तो आत घेतं आणि त्याचं क्षपण करून बिनरंगी करून टाकतं. मेलेल्याला ते जमत नाही, म्हणून तो निळा दिसतो. म्हणजे तापीतीर, तुम्हाला जे छान निळे दिसत होते ते बहुतेक मेलेले होते. जिवंत होते ते फिकट.

तापीतीर (१०.५२)

😐 तीस वर्षांनी कळलं. जर्नलमध्ये तर मी निळे जिवंत म्हणून काढले होते, आणि सही पण मिळाली होती.

डॉ_गोठा (सोमवार, सकाळी ७.१५)

सरांना दुजोरा. मी पशुवैद्यक, धुळे. आमच्याकडे वळूच्या वीर्याची तपासणी करताना हेच रोज घडतं. इओसिन-निग्रोसिन म्हणून रंग आहे. ज्या शुक्राणूचं पटल फाटलंय त्याच्यात इओसिन शिरतं आणि तो गुलाबी होतो. ज्याचं शाबूत आहे तो पांढरा राहतो आणि निग्रोसिनच्या काळ्या पडद्यावर उठून दिसतो. रंग खाल्ला तो मेलेला. पण मोजणी करताना काचेवरचे सगळेच वाळून गेलेले असतात. पांढरा म्हणजे "रंग लावला त्या क्षणी जिवंत होता" एवढंच. हा फोटो म्हणायचा, सिनेमा नाही.

हालचाल बघायची असेल तर बिनरंगी थेंब, ३७ अंशांची गरम प्लेट आणि फेज कॉन्ट्रास्ट. त्याला पर्याय नाही. प्लेट थंड असेल तर चांगला वळूसुद्धा नापास होतो.

केळीचं_खोड (८.०५)

डॉक्टरसाहेब, हे फेज कॉन्ट्रास्ट माझ्या मायक्रोस्कोपला बसेल का?

डॉ_गोठा (८.२०)

वेगळी भिंगं लागतात आणि काचेखालचा, उजेड एकवटणारा कंडेन्सरही वेगळा. जुन्याला बसवण्यापेक्षा कुणाचा तरी बघा.

सातपुड्याची_लेक (८.४५)

मी नंदुरबार जिल्ह्यात लॅब टेक्निशियन आहे. काका, आधी फुकटातला उपाय करा. कंडेन्सर थोडा खाली घ्या आणि त्याचा डायफ्राम बारीक करा. लघवीची तपासणी आम्ही रोज अशीच करतो, रंग नसतो. पेशींच्या कडा दिसायला लागतात.

आमच्याकडे तर बिनरंगी थेंबावरच आजार पकडला जातो. सिकलसेलच्या वाहकाचं रक्त वाळवून रंगवलं तर पेशी गोल आणि नॉर्मल दिसतात. तेच रक्त ताजं, २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटच्या थेंबात, कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीनने बंद करून ठेवलं की ऑक्सिजन संपतो आणि अर्ध्या तासात पेशी डोळ्यांदेखत विळ्यासारख्या वाकतात. मेटाबायसल्फाइट मात्र त्याच दिवशी बनवलेलं पाहिजे. मी एकदा आदल्या दिवशीचं वापरलं आणि एका ओळखीच्या वाहकाला निगेटिव्ह ठरवून बसले. संशय आला म्हणून ताजं बनवून परत केली.

मास्तर_जळगाव (९.३०)

ताईंचा उपाय मोठ्या पेशींना चालतो. जिवाणू मात्र एक मायक्रोमीटरच्या आसपास. डायफ्राम बारीक केला की कडा ठळक होतात, पण बारकावा जातो. दोन जिवाणू जवळ असले की एकच डाग दिसतो.

केळीवाले भाऊ, तुमच्या मायक्रोस्कोपला डार्क फील्ड घरीच करता येईल. खर्च काळ्या कागदाचा.

पत्र्याच्या छपराला भोक असलं की घरात उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ चमकते ना? एरवी तीच धूळ असते, पण दिसत नाही. तिरीप थेट डोळ्यात येत नाही, धुळीवरून विखुरलेला उजेडच तेवढा येतो, म्हणून ती दिसते. डार्क फील्ड म्हणजे हेच. कंडेन्सरच्या मध्यावर काळी चकती ठेवायची. प्रकाश फक्त कडेने, पोकळ शंकूसारखा, इतका तिरका येतो की रिकाम्या काचेतून तो भिंगात शिरतच नाही. पार्श्वभूमी काळी. मध्ये जिवाणू आला की तो प्रकाश विखुरतो आणि स्वतःच चांदणीसारखा दिसतो.

चकतीचं माप महत्त्वाचं. ४० चं भिंग लावा, आयपीस काढून नळीत डोकवा आणि खालचा डायफ्राम हळूहळू बंद करा. त्याची कड भिंगाच्या गोल उजेडाच्या बरोबर काठावर आली की थांबा आणि खालून डायफ्रामचं भोक पट्टीने मोजा. चकती त्याहून दोनेक मिलिमीटर मोठी कापा. पारदर्शक प्लास्टिकवर मधोमध चिकटवून फिल्टरच्या कडीत ठेवा. मग डायफ्राम पूर्ण उघडा, कंडेन्सर पार वर घ्या, एलईडी पूर्ण तेजीत.

शेवभाजी (९.४१)

थेंबात चांदण्या! भाऊ, आधी घरची वीज जाऊ द्या, आपोआप डार्क फील्ड होईल.

केळीचं_खोड (सोमवार, रात्री १०.०५)

सर, फसलं. मोजत बसलो नाही, हाताशी ५ चं नाणं होतं, त्याच्याभोवती पेन फिरवून चकती कापली. १० आणि ४० दोन्हीला संपूर्ण काळोख. जिवाणू नाही, चांदण्या नाही, काही नाही. नाणं आता मोजलं, २३ मिलिमीटर भरलं.

मास्तर_जळगाव (१०.३०)

सांगितलं तसं मोजलं असतं तर वही-पेन्सिल घेऊन बसावं लागलं नसतं मला. पण चूक झकास आहे.

४० च्या भिंगावर ०.६५ हा आकडा कोरलेला असेल. किती तिरका प्रकाश ते भिंग आत घेतं, त्याचं ते माप. कंडेन्सरवर १.२५ असेल, म्हणजे कागदावर तो बराच जास्त तिरका प्रकाश देऊ शकतो. पण कंडेन्सर आणि काच यांच्यामध्ये हवा आहे. हवेत १ च्या पुढे कुणी जाऊ शकत नाही, त्याहून तिरपे किरण कंडेन्सरच्या वरच्या पृष्ठभागावरूनच आत परततात. तुमच्या नाण्याने ० पासून जवळपास १ पर्यंतचा सगळा भाग झाकला. उरला तो फक्त बाहेर न पडणारा प्रकाश. म्हणून काळोख.

तुम्हाला ०.६५ च्या थोडं वर ते ०.९ च्या आसपासची अरुंद कडी हवी आहे. त्यात चुकीला जागा कमी, म्हणून मोजायचं. आणि १०० च्या भिंगाला हा कागदी उद्योग करू नका. ते स्वतःच १.२५ चं, तुमच्या तिरप्या कडीचा प्रकाश ते सरळ गिळून टाकेल आणि पार्श्वभूमी पांढरी होईल. त्याला तेलाचा खास डार्क फील्ड कंडेन्सर लागतो.

केळीचं_खोड (मंगळवार, रात्री ९.३०)

मोजलं! ४० ला डायफ्रामचं भोक १५ मिलिमीटर भरलं, चकती १७ ची कापली. आणि सर, काय सांगू. जीवामृताचा थेंब ठेवला आणि अख्खं आभाळ दिसलं. पण एक पंचाईत आहे. सगळंच हलतंय. बाटलीचा थेंब ठेवला तर तेही सगळं हलतंय. म्हणजे दोन्ही जिवंत, असंच ना?

कृषिसेवा_पारोळा (९.४०)

बघा. मी दुकानदार आहे, धागा पहिल्यापासून वाचतोय. काही झालं की दुकानदारावर. बाटली जिवंत निघाली ना?

डॉ_गोठा (९.५५)

थांबा, थांबा. हलतंय म्हणजे जिवंत, असं नाही. तंबाखूची पूड पाण्यात टाकून बघा, तिचे बारीक कणही थरथरतात.

मास्तर_जळगाव (१०.२०)

बरोबर. पाण्याचे रेणू सगळीकडून धक्के मारत असतात. एक-दोन मायक्रोमीटरची वस्तू त्याने थरथरते. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतले बारीक कण असे हलताना पाहिले. मग निर्जीव खनिजांची पूडही तशीच हलते हे पाहिलं, आणि ही हालचाल जिवंतपणाची नाही हे उघड झालं.

तुम्हाला तीन हालचाली वेगळ्या करायच्या आहेत. पहिली थरथर, कण जागच्या जागी नाचतो, कुठे पोचत नाही. दुसरा प्रवाह, सगळे एकाच दिशेला वाहतात. थेंब कडेने वाळत असला की असं होतं, कडा व्हॅसलीनने बंद केल्या की थांबतं. तिसरं पोहणं, एक इकडे, दुसरा तिकडे, शेजाऱ्याला ओलांडून, मध्येच गिरकी घेऊन दिशा बदलत.

डोळ्यावर विश्वास नसेल तर उकळलेला नमुना बाजूला ठेवा. चमचाभर जीवामृत दहा मिनिटं उकळा, गार करा, तशीच दुसरी काच बनवा. त्यात जे हलताना दिसेल ती थरथर. पहिल्या काचेत त्याहून वेगळं जे दिसेल ते पोहणं. जीवामृत आधी फडक्यातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा, नाहीतर शेणाचा चोथा इतका चमकेल की मागचं दिसणार नाही. थेंब आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढाच. काच स्वच्छ. डार्क फील्डमध्ये बोटाचा ठसाही आकाशगंगेसारखा दिसतो.

खिडकीतला_इंजिनिअर (११.१०)

अमळनेरचा, सध्या पुण्यात. डार्क फील्ड समजलं. फेज कॉन्ट्रास्ट काय वेगळं करतं यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जिवंत पेशी दिसत नाही, कारण ती प्रकाश शोषत नाही. पण तिच्यातून जाताना प्रकाश पाण्यातल्यापेक्षा किंचित हळू जातो आणि मागे पडतो. पातळ पेशीत साधारण पाव तरंगलांबीपर्यंत. डोळ्याला उजेड कमी-जास्त झालेला कळतो, तरंग मागे पडलेला कळत नाही. माहिती असते, पण आपल्याला वाचता येत नाही.

फ्रिट्स झेर्निके नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर युक्ती काढली. पेशीवरून विखुरलेला प्रकाश आणि सरळ निघून गेलेला प्रकाश यांच्यात आधीच पाव तरंगाचा फरक असतो. सरळ प्रकाशाला आणखी पाव तरंग पुढे ढकललं तर फरक अर्धा तरंग होतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. पेशी करड्या पार्श्वभूमीवर काळी दिसते. दोघांना वेगळं ओळखायचं कसं? कंडेन्सरमध्ये कडीसारखी फट ठेवायची. सरळ प्रकाश भिंगात नेमका त्या कडीच्या जागी येतो, विखुरलेला सगळीकडे पसरतो. भिंगात त्याच जागी एक कडी बसवली की ती जवळजवळ फक्त सरळ प्रकाशावर काम करते. झेर्निके यांना १९५३ चं नोबेल मिळालं.

तापीतीर (११.२५)

ती कडी काळपट पण असते ना? का?

खिडकीतला_इंजिनिअर (११.३२)

सरळ प्रकाश विखुरलेल्यापेक्षा खूप जास्त असतो. शंभरातून दोन वजा केले तर कुणाला कळणार? म्हणून आधी त्याला मंद करायचं.

डॉ_गोठा (बुधवार, सकाळी ६.५०)

आणि दोन्ही कड्या एकमेकींवर बरोबर बसल्या पाहिजेत. आमच्याकडे कुणीतरी कंडेन्सर काढून पुसला आणि परत बसवला. चार दिवस सगळे म्हणत होते की चित्र फिकं येतंय, नमुनेच खराब आहेत. आयपीसच्या जागी छोटी दुर्बीण लावून बघितलं तर उजेडाची कडी एका बाजूला सरकलेली. दोन स्क्रू फिरवले, झालं.

फेजचा दोषही सांगतो. पेशीभोवती पांढरी आभा येते, कड नेमकी कुठे ते कळत नाही. आणि जाड वस्तूला उपयोग नाही.

केळीचं_खोड (गुरुवार, रात्री ९.१५)

उकळून बघितलं. आता फरक लख्ख कळला. उकळलेल्यात सगळे जागेवर थरथरतात. न उकळलेल्या जीवामृतात काही माशांसारखे सुळकन जातात, मोजायला गेलो तर हरवतात. गंमत म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी मधले गप्प झाले, आणि एक हवेचा बुडबुडा अडकला होता त्याच्या काठावर तोबा गर्दी.

बाटलीच्या थेंबात मात्र भरपूर ठिपके, पण सगळे थरथरणारेच. अर्धा तास बघितलं, एकही पोहताना दिसला नाही. उकळलेल्यासारखंच. म्हणजे बाटली मेलेली.

सातपुड्याची_लेक (९.२४)

बुडबुड्यापाशी ऑक्सिजन होता काका. तुम्ही व्हॅसलीनने कडा बंद केल्या ना, मधला संपला.

कृषिसेवा_पारोळा (९.३०)

एका जुन्या मायक्रोस्कोपवरून बाटली मेलेली म्हणायचं हे बरोबर नाही. आम्ही काय घरी बनवतो का बाटल्या?

शेवभाजी (९.३३)

दुकानदार भाऊ, तुम्ही पण थरथरायला लागले का?

मास्तर_जळगाव (१०.१५)

शेवभाजी, गप बस. दुकानदारांचा मुद्दा योग्य आहे. पोहतो तो जिवंत, हे खरं. पोहत नाही तो मेलेला, हे खोटं. कित्येक जातींना शेपूटच नसतं. ज्यांना असतं तेही उपाशी किंवा जुने झाले की थांबतात.

भाऊ, बाटलीवर कुठलं नाव आहे? बॅसिलस असेल तर त्या लॅबच्या रंगवलेल्या काचेकडे परत बघा. जांभळ्या काडीत बिनरंगी लंबगोल भोक दिसतं का?

केळीचं_खोड (शुक्रवार, दुपारी १.२०)

बॅसिलसच लिहिलंय. आणि हो सर, लॅबवाल्याने फोटो दिला होता त्यात बऱ्याच काड्यांत पांढरी भोकं आहेत. मला वाटलं रंग नीट लागला नाही.

मास्तर_जळगाव (१.४५)

रंग नीटच लागलाय. ते बीजाणू. कवच इतकं घट्ट की मारून, भाजून, रंगवूनही रंग आत गेला नाही. उन्हाळ्यातल्या दुकानात टिकणारं या जमातीत काही असेल तर हेच. झोपलेलं असतं, पोहत नाही. डार्क फील्डमध्ये त्याची आणि मेलेल्या काडीची चमक वेगळी ओळखणं अवघड, दोन्ही चमकतातच.

इथे फेज कॉन्ट्रास्ट लागतो. बीजाणूच्या आत पाणी फार कमी, त्यामुळे त्याचा अपवर्तनांक भोवतालपेक्षा खूप जास्त. फेजमध्ये साधा जिवाणू काळपट दिसतो, बीजाणू पांढराशुभ्र. माझ्या जुन्या विभागात एक फेज मायक्रोस्कोप आहे. कपाटात, कुलपात, वर प्लास्टिकची पिशवी. किल्ली कुणाकडे ते मला माहीत आहे. उद्या बाटली घेऊन जळगावला या. येताना थर्मास आणू नका, चहा मी पाजतो.

केळीचं_खोड (शनिवार, रात्री ८.४०)

जाऊन आलो. किल्ली सापडायला तास गेला. कड्या जुळवायला आणखी अर्धा तास, सरांनी डॉक्टरसाहेबांचं नाव घेऊन स्क्रू फिरवले.

बाटलीचा थेंब ठेवला. करड्या पडद्यावर तांदळाच्या कणीसारखे चमकणारे दाणे, खूप. अधूनमधून फिकट, पोकळ दिसणाऱ्या काड्या. सर म्हणाले त्या फिकट काड्या मेलेल्या. दाणे झोपलेले.

मग मी विचारलं, झोपलेलं आणि मेलेलं दाणं सारखंच दिसत असेल तर? सर हसले आणि म्हणाले, "आता बरोबर प्रश्न विचारलास." उष्णतेने मेलेला बीजाणूसुद्धा बराच काळ चमकत राहू शकतो म्हणे. म्हणून उठवून बघायचं. सरांनी थोडं पोषक द्रावण मागवलं, त्यात बाटलीतला थेंब घालून ३७ अंशांवर ठेवला आणि आम्ही जेवून आलो. दोन-अडीच तासांनी परत बघितलं तर बऱ्याच दाण्यांची चमक गेलेली, काळपट झालेले. काहींतून काडी फुटलेली. दोन-तीन चक्क पोहत होते. जे चमकतच राहिले त्यातले उशिरा उठणारे किती आणि कधीच न उठणारे किती, ते सांगता येत नाही असं सर म्हणाले.

खिडकीतला_इंजिनिअर (८.५५)

चमक का जाते ते सांगतो. बीजाणू उठताना पाणी आत शोषतो. अपवर्तनांक पाण्याच्या जवळ आला की तो इतर जिवाणूंसारखाच काळा दिसतो. रंग लावला असता तर हा बदल होताना बघायला मिळालाच नसता.

कृषिसेवा_पारोळा (९.०२)

म्हणजे बाटली जिवंत. मी म्हणतच होतो.

डॉ_गोठा (९.१०)

किती टक्के जिवंत ते अजून कळलेलं नाही. द्रवरूप खतात मिलिलिटरला दहा कोटी लागतात. दोन-तीन पोहताना दिसले म्हणजे दहा कोटी झाले का?

मास्तर_जळगाव (९.३५)

ते मायक्रोस्कोप सांगणार नाही. पातळ करत करत प्लेटवर पसरवायचं आणि वसाहती मोजायच्या. प्लेटा आज लावल्या आहेत, सोमवारी मोजू. त्यातही दोन बीजाणू चिकटलेले असले तर वसाहत एकच येते, म्हणून आकडा कमीच निघतो. दुकानदार भाऊ, तुमच्याकडची एक न उघडलेली बाटली पाठवा. तुलनेला लागेल.

कृषिसेवा_पारोळा (९.५०)

पाठवतो. पण ती पण पत्र्याखालचीच शे हां सर.

कपाशी_बोदवड (१०.०५)

मग करप्याचं काय ठरलं?